पासवर्ड रीसेटची लिंक उघडायच्या आधीच ‘वापरून झाली’ म्हणते, तेही फक्त कंपनी मेलवाल्यांना

सांगलीकर_पीएचपी
मंडळी, एक डीलर पोर्टल माझ्याकडे सांभाळायला आलंय. साधं पीएचपी आणि मायएसक्यूएल, आधीच्या वेंडरने लिहिलेलं, ठिबकचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचं. डीलर लोक पासवर्ड विसरतात, ‘फरगॉट पासवर्ड’ दाबतात, मेल येतो, लिंकवर क्लिक करतात आणि पानावर येतं की ही लिंक आधीच वापरली गेली आहे. आता गंमत अशी की जीमेलवाल्या डीलरांची एकही तक्रार नाही, ज्यांचा स्वतःच्या कंपनीचा मेल आहे तेच बोंबलतायत आणि त्यातलेही सगळे नाही. एका डीलरला फोनवर धरून ठेवून लॉग बघितला तर हे दिसलं, आयपी काढून टाकलेत:

```
10:42:07 POST /forgot.php        200  (dealer)
10:42:13 GET  /reset.php?t=9f3c  200  (unknown IP)
10:44:50 GET  /reset.php?t=9f3c  410  (dealer)
```

मधला तो आयपी कुठल्यातरी डेटा सेंटरचा आहे. कोणीतरी मेल चोरून वाचतंय की काय म्हणून मालक घाबरलाय. टोकनची मुदत १ तास आहे आणि एकदाच वापरता येतं, म्हणजे वरवर तरी सगळं नियमात दिसतंय. काय असेल?

भन्नाट_भाऊ
मुदत वाढव रे, २४ तास कर. १ तासात कोण मेल बघतो, डीलर लोक दुकानात असतात, संध्याकाळी निवांत बघतात. आमच्याकडे ७ दिवस ठेवलीय, कोणाची तक्रार नाही.

सांगलीकर_पीएचपी
भाऊ, डीलरने पावणेतीन मिनिटांत क्लिक केलंय, लॉग बघ की. मुदतीचा प्रश्न असता तर ‘संपली’ असा मेसेज आला असता, इथे ‘वापरली’ येतोय. दोन वेगळे मेसेज आहेत.

पोस्टमास्तर
मी पुण्याजवळच्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर बघतो, त्यामुळे हे रोजचं आहे. कोणी चोरून वाचत नाहीये, मालकाला सांगा शांत झोपा. डीलरच्या कंपनीने मेलच्या पुढे एक स्कॅनर बसवलाय. मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स असेल नाहीतर दुसऱ्या कुणाचा गेटवे असेल, तो आत येणाऱ्या मेलमधल्या लिंका स्वतः उघडून बघतो की पलीकडे फिशिंगचं पान तर नाही ना. तुमचं reset.php बहुतेक GET आली की लगेच टोकन ‘वापरलं’ म्हणून नोंदवतंय. म्हणजे लिंक वापरली ती स्कॅनरने, आणि माणूस आला तेव्हा उष्टं ताट समोर. जीमेलवाल्यांना त्रास होत नाहीये कारण त्यांच्याकडे तुमच्या लिंकवर अशी आधी कोणी धाड घालत नाहीये, एवढंच.

भन्नाट_भाऊ
मग सोपंय, त्या स्कॅनरचा यूजर एजंट बघून ब्लॉक करा. किंवा आयपी रेंज.

पोस्टमास्तर
नाही चालत हो. स्कॅनरने ‘मी स्कॅनर आहे’ असं सांगितलं तर फिशिंगवाला त्याला साधं पान दाखवेल आणि माणसाला खोटं लॉगिन दाखवेल. म्हणून ते मुद्दाम साध्या क्रोमसारखे येतात, आयपी बदलत राहतात. आणि समजा आज ओळखून ब्लॉक केलात, तर उद्या आमच्यासारखा कोणीतरी अॅडमिन तुमचं डोमेनच संशयित यादीत टाकेल, मग मेलच पोचायचा नाही.

मृण्मयी_सेक
पोस्टमास्तरांनी कारण बरोबर पकडलंय. उपाय असा की लिंक उघडणं आणि टोकन खर्च करणं या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. GET आली की टोकन आहे का, मुदतीत आहे का, न वापरलेलं आहे का एवढंच बघायचं आणि नवीन पासवर्डचा फॉर्म दाखवायचा, डेटाबेसमध्ये काहीही लिहायचं नाही. माणूस नवीन पासवर्ड टाकून फॉर्म पाठवेल त्या POST मध्येच टोकन खर्च करायचं. स्कॅनरने शंभर वेळा पान उघडलं तरी तो पासवर्ड टाइप करणार नाही.

एक शॉर्टकट लोक करतात तो करू नका. पान उघडल्याबरोबर जावास्क्रिप्टने आपोआप POST मारायची आणि तिथे टोकन खर्च करायचं. काही स्कॅनर खरा ब्राउझर चालवतात, जावास्क्रिप्टही चालते, मग पुन्हा तेच रडगाणं.

दुसरं म्हणजे ‘एकदाच’ हे नीट ‘एकदाच’ व्हायला हवं. आधी SELECT करून बघायचं, मग पासवर्ड बदलायचा, मग UPDATE करायचं, असं लिहिलं असेल तर एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्ट दोघीही SELECT मधून पास होतात. तपासणं आणि खर्च करणं एकाच वाक्यात करा:

```sql
UPDATE password_resets
SET used_at = UTC_TIMESTAMP()
WHERE token_hash = ?
  AND used_at IS NULL
  AND expires_at > UTC_TIMESTAMP();
```

यात बदललेल्या ओळी १ आल्या तरच पुढे पासवर्ड बदलायचा, ० आल्या तर तिथेच थांबायचं. आणि हे आणि पासवर्डचा बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, नाहीतर टोकन खर्च झालं पण पासवर्ड बदललाच नाही असाही घोळ होतो.

निवृत्त_नाना
नमस्कार. माझाही हाच प्रॉब्लेम आहे. माझा जीमेलचा पासवर्ड विसरलो आहे आणि रिकव्हरीला दिलेला जुना मोबाइल नंबर बंद झाला आहे. लिंक येतच नाही. वरील कोड मी कुठे टाकायचा?

पोस्टमास्तर
नाना, हा कोड तुमच्यासाठी नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. गुगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावर जा, पण ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर रोज जीमेल बघायचात त्याच यंत्रावरून आणि घरच्याच वायफायवरून प्रयत्न करा, त्याने ओळख पटायला मदत होते. आणि पैसे घेऊन अकाउंट परत आणून देतो म्हणणाऱ्या कोणालाही काही देऊ नका.

निवृत्त_नाना
आभारी आहे. मुलाच्या लॅपटॉपवरून करत होतो, बंगळुरूहून. आता गावी गेल्यावर करतो.

सांगलीकर_पीएचपी
मृण्मयीताई, तंतोतंत. reset.php च्या तिसऱ्या ओळीतच UPDATE आहे, पान दाखवायच्या आधी. पण तुमच्या UPDATE मध्ये token_hash आहे आणि इथे टेबलमध्ये टोकन जसंच्या तसं ठेवलंय. आणि टोकन असं बनवलंय:

```php
$t = substr(md5($email . time()), 0, 12);
```

भन्नाट_भाऊ
एमडी५ जुना झाला, sha256 घाला, झालं काम.

मृण्मयी_सेक
भाऊ, एमडी५ जुना आहे हे खरं पण इथे रोग तो नाहीये. आत काय जातंय बघा ना, ईमेल आणि सेकंदातली वेळ. डीलरचा ईमेल मला माहीत आहे, रीसेट मीच मागितला म्हणजे वेळही मलाच माहीत. सर्व्हरचं घड्याळ थोडं पुढेमागे असेल असं धरून दोन्ही बाजूंना ३० सेकंद घेतले तरी साठेक अंदाजांत टोकन सापडतं, मेल न बघता. sha256 घातलं तरी तेच साठ अंदाज. हॅशने यादृच्छिकपणा तयार होत नाही, तो आत घालावा लागतो.

```php
$token = bin2hex(random_bytes(32));   // mail
$hash  = hash('sha256', $token);      // table
```

मेलमध्ये $token जातं आणि टेबलमध्ये फक्त $hash. उद्या बॅकअपची फाइल कुठे गळाली किंवा एसक्यूएल इंजेक्शनने कोणी टेबल वाचलं तर त्यातून चालू लिंक बनवता येत नाही.

भन्नाट_भाऊ
मग तिथे बीक्रिप्ट का नाही? पासवर्डला तर सगळे बीक्रिप्ट सांगता.

कोकणी_कोडर
कारण माणसाचा पासवर्ड अंदाजाने सापडण्यासारखा असतो म्हणून तिथे मुद्दाम हळू हॅश लागतो, ३२ बाइटच्या रँडम टोकनचा अंदाज कोणी लावत बसणार नाही. शिवाय बीक्रिप्टमध्ये दर वेळी वेगळा सॉल्ट, त्यामुळे हॅश काढून टेबलमध्ये थेट शोधता येत नाही. लारावेल टोकनला तसाच हॅश वापरतं पण त्यांच्या लिंकमध्ये ईमेलही असतो, आधी ईमेलवरून ओळ काढतात आणि मग टोकन जुळवतात. चुकीचं नाही, गरज नाही एवढंच.

जँगोवाले तर टोकन टेबलमध्ये ठेवतच नाहीत. यूजरचा आयडी, आत्ताचा पासवर्ड हॅश, शेवटचं लॉगिन, ईमेल आणि वेळ यांच्यावर गुप्त किल्लीने सही करून टोकन बनतं. पासवर्ड बदलला की सही जुळतच नाही, म्हणजे ‘एकदाच’ आपोआप. मुदत मात्र मूळ सेटिंगमध्ये ३ दिवस आहे, २५९२०० सेकंद, ती मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कमी करतो.

सांगलीकर_पीएचपी
मुदतीवरून आठवलं. टेस्ट करताना एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी ११ वाजता मागवलेली लिंक मी जेवून, मीटिंग करून ४ वाजता उघडली (GET मधला UPDATE काढल्यावर) तर फॉर्म मस्त उघडला. मुदत १ तास लिहिलीय कोडमध्ये, मी दोनदा वाचलं.

कोकणी_कोडर
expires_at पीएचपीत date() ने बनवतोयस आणि तुलना मायएसक्यूएलच्या NOW() शी करतोयस का? आणि डेटाबेस यूटीसीवर आहे का?

सांगलीकर_पीएचपी
हो. पीएचपीत Asia/Kolkata आहे. डेटाबेस क्लाउडवर, यूटीसी.

कोकणी_कोडर
मग झालं की. ११ वाजता कोडने ‘१२:००’ लिहिलं, तो भारतातला १२. डेटाबेसच्या घड्याळात तेव्हा ५:३० वाजलेत, त्याला १२ वाजायला अजून साडेसहा तास. तुझ्या सगळ्या लिंका १ तास नाही, साडेसहा तास जगतायत. उलटं असतं, म्हणजे कोड यूटीसीत आणि डेटाबेस भारतीय वेळेवर, तर लिंक जन्मतःच मेलेली निघाली असती आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. ही बाजू कळत नाही कारण जास्त वेळ चालणाऱ्या लिंकेची तक्रार कोण करतो? मुदत डेटाबेसलाच काढू दे: `UTC_TIMESTAMP() + INTERVAL 1 HOUR`. लिहिणारं आणि तपासणारं घड्याळ एकच.

आर्या_डोंबिवली
थोडं वेगळं विचारते. मला एका शॉपिंग साइटकडून आठवड्यातून एखाद वेळा पासवर्ड रीसेटचा मेल येतो, मी मागितलेला नसतो. माझा ईमेल माझ्या नावाचाच आहे, खूप कॉमन नाव. घाबरायचं का? मी क्लिक केलेलं नाही कधी.

मृण्मयी_सेक
बहुतेक तुमच्याच नावाची दुसरी कोणी आपला ईमेल समजून तुमचा टाकतेय. मेल तुम्हालाच येतोय तोवर तिच्या हातात काही पडत नाही. न मागितलेल्या मेलमधली लिंक दाबू नका, साइटवर जायचंच तर पत्ता स्वतः टाइप करून जा, आणि त्या साइटवर दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर चालू करा.

पण यावरून सांगलीकरांना एक विचारायचं राहिलंच. मेलमध्ये जी लिंक जाते तिचं डोमेन कोडमध्ये कुठून येतं?

सांगलीकर_पीएचपी
`$_SERVER['HTTP_HOST']` मधून. स्टेजिंग आणि लाइव्ह दोन्हीकडे एकच कोड चालावा म्हणून असणार.

मृण्मयी_सेक
वाटलंच होतं. स्वतःच्याच ईमेलवर हे करून बघा, पत्ता तुमचा घाला:

```
curl -H "Host: example.invalid" \
  -d "email=MY_EMAIL" \
  https://PORTAL/forgot.php
```

आणि आलेला मेल इथे सांगा.

सांगलीकर_पीएचपी
अरे देवा. मेल आमच्याच सर्व्हरवरून, आमच्याच लोगोसकट आला आणि आतली लिंक https://example.invalid/reset.php?t=... सर्व्हरवर हीच एक साइट आहे म्हणून कुठलंही होस्टनेम आलं तरी तो तीच दाखवतो.

मृण्मयी_सेक
आता हे वरच्या स्कॅनरच्या गोष्टीला जोडून बघा. हल्लेखोर त्या जागी स्वतःचं डोमेन टाकतो आणि डीलरचा ईमेल देतो. मेल तुमच्याकडून जातो, खरा असतो, एसपीएफ, डीकिम सगळं पास. एरवी डीलरने क्लिक करायची वाट बघावी लागली असती. पण डीलरकडे स्कॅनर आहे! तो सहा सेकंदांत ती लिंक उघडतो, म्हणजे चालू टोकन हल्लेखोराच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन पडतं. डीलर झोपलेला असला तरी अकाउंट गेलं. आणि GET वर टोकन खर्च न करण्याने इथे काहीच वाचत नाही, कारण ती GET तुमच्याकडे आलेलीच नसते.

डोमेन कॉन्फिगमध्ये पक्कं लिहा, लाइव्हला एक, स्टेजिंगला एक. शिवाय वेब सर्व्हरला सांगा की अनोळखी होस्ट आला तर साइट दाखवायचीच नाही. X-Forwarded-Host वर कुठे विश्वास ठेवलाय का तेही शोधा, तो मागच्या दाराचा तोच प्रकार.

पोस्टमास्तर
हे मलाही नवीन होतं, म्हणजे आमचा स्कॅनर असा उलटा पडेल हे.

मेल पाठवायला बाहेरची सेवा वापरत असाल तर क्लिक ट्रॅकिंग बंद आहे का बघा. मार्केटिंगवाले सगळ्या मेलना चालू करून ठेवतात, मग रीसेटची लिंकसुद्धा त्या सेवेच्या डोमेनवरून फिरून येते आणि टोकनसकट अख्खा पत्ता त्यांच्या रिपोर्टमध्ये दिसतो. तो रिपोर्ट मार्केटिंगच्या प्रत्येक ट्रेनीला उघडता येतो.

कोकणी_कोडर
आणि रीसेटच्या पानावर अॅनालिटिक्सची स्क्रिप्ट नको. लोक म्हणतात आता ब्राउझर रेफररमध्ये नुसतं डोमेन पाठवतात, ते खरंय, पण स्क्रिप्ट पानातच बसलेली असते, ती अॅड्रेस बारमधला पूर्ण पत्ता स्वतः वाचून पाठवते. जँगो पहिल्या GET मध्ये टोकन सेशनमध्ये टाकतं आणि लगेच टोकन नसलेल्या पत्त्यावर रीडायरेक्ट करतं, ती चाल उचलण्यासारखी आहे.

मेलचा पत्ता घेतानाचा एक किस्सा सगळ्यांना माहीत असेल, गिटलॅबचा, जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्त केला, CVE-2023-7028. रीसेटच्या फॉर्ममध्ये एका ईमेलऐवजी दोन ईमेलची यादी पाठवली तर पहिल्यावरून अकाउंट सापडायचं आणि लिंक दोघांनाही जायची, दुसरा पत्ता पडताळलेला नसला तरी. तीव्रता थेट १०. म्हणून फॉर्ममध्ये आलेल्या पत्त्यावर मेल पाठवूच नये, डेटाबेसमध्ये जो पडताळलेला पत्ता आहे त्याच्यावर पाठवावा.

भन्नाट_भाऊ
मग एवढं सगळं करण्यापेक्षा लिंकच नको, मोबाइलवर ६ आकडी ओटीपी पाठवा. स्कॅनरही नाही, होस्टही नाही.

मृण्मयी_सेक
तुमचं अर्धं पटतंय, कोड असला की स्कॅनरला उघडायला काही उरत नाही. पण ६ आकडे म्हणजे १० लाख शक्यता, ते यंत्राला फार नाहीत. दर कोडला पाचच प्रयत्न आणि मग कोड बाद, हे सर्व्हरवर पाळावं लागतं, आणि नवा कोड मागून मोजणी पुन्हा शून्यावर आणता येऊ नये. शिवाय फोन करून ‘साहेब आलेला नंबर सांगा’ म्हटलं की लोक सांगतात. ६४ अक्षरी लिंक फोनवर कोणी वाचून दाखवत नाही.

सांगलीकर_पीएचपी
सगळं लिहून काढतोय. एक ठरत नाहीये. डीलर घाईघाईत बटण तीनदा दाबतो, तीन मेल जातात. नवीन टोकन बनलं की जुनी बाद करू ना?

मृण्मयी_सेक
करा. एका वेळी एकच चालू.

कोकणी_कोडर
मी नाही करत, आणि इथे ताईंशी पटत नाही. मेल क्रमाने येतीलच असं नसतं. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘नंतर ये’ म्हणतात, मग पहिला मेल १५ मिनिटांनी, तिसऱ्याच्या नंतर पोचतो. डीलर सगळ्यात वरचा मेल उघडतो, तो बाद, पुन्हा बटण दाबतो, पुन्हा चक्र. शिवाय ज्याला डीलरचा ईमेल माहीत आहे तो दर मिनिटाला बटण दाबून खऱ्या माणसाची लिंक मारत राहू शकतो. मी तिन्ही चालू ठेवतो, मुदत १ तास, आणि एकीने पासवर्ड बदलला की त्या यूजरच्या उरलेल्या सगळ्या बाद. ईमेल बदलला तरी सगळ्या बाद.

मृण्मयी_सेक
बटण दाबण्यावर मर्यादा असेल तर तुमचा दुसरा मुद्दा उरत नाही. पहिला उरतो, ते मान्य. पण मग सपोर्टचा माणूस ‘आधीची लिंक चुकून दुसऱ्याला फॉरवर्ड झाली’ या फोनवर काय करणार? आज त्याचं उत्तर सोपं आहे, नवीन मागवा, जुनी मेली.

कोकणी_कोडर
सपोर्टला ‘सगळ्या रद्द करा’ असं बटण द्या. पण बरं, हे डीलर कसे वागतात त्यावर आहे.

सांगलीकर_पीएचपी
अपडेट देतो. GET मधून UPDATE काढला, टोकन बदललं, होस्ट पक्का केला, वेळ डेटाबेसकडे दिली. पासवर्ड बदलला की जुनी सेशन्स बाद आणि डीलरला ‘तुमचा पासवर्ड बदलला’ असा लिंक नसलेला मेल. चालू ठेवायच्या टोकनांचं मी कोकणी भाऊंसारखं केलंय, दर तासाला तीन मागण्यांची मर्यादा टाकून. स्कॅनर अजूनही सहाव्या सेकंदाला येतो, फॉर्म बघतो, जातो.

आता नवीनच निघालं. एका मोठ्या डीलरचा पोर्टलवरचा ईमेल purchase@ असा आहे आणि तो मेलबॉक्स चौघं उघडतात, त्यातला एक गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला पण मेल त्याच्या फोनवर अजून येतोय म्हणे.

पोस्टमास्तर
मेलबॉक्सचा पासवर्ड त्यांच्या अॅडमिनने आज बदलायला हवा, त्या फोनवरचं लॉगिन काढायला हवं, तुमच्या बाजूने तुम्ही काहीही केलंत तरी लिंक त्याला दिसणारच.

मृण्मयी_सेक
आणि चौघांना चार लॉगिन द्या.

सांगलीकर_पीएचपी
मालकाला विचारलं. डीलर म्हणतो चार पासवर्ड कोण लक्षात ठेवणार.